नावावरून भाषा ठरवली आणि तोंडावर आपटलो. आता पुढे काय?

तिकीटवाली

मंडळी, एका सॉफ्टवेअरच्या सपोर्ट टीममध्ये काम करते. या आठवड्यात एक प्रकरण घडलंय आणि ते निस्तरण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. जाणकारांनी सांगावं.

एका ग्राहक बाईंनी सोमवारी सकाळी इंग्रजीत लिहिलं की पासवर्ड बदलायची लिंक परत पाठवा. त्यांचं नाव समजा नाओमी तानाका (खरं नाव वेगळं आहे, धाटणी हीच). आमच्या यंत्रणेने दोन मिनिटांत ऑटो-रिप्लाय पाठवला, त्यात नवी लिंकही होती. फक्त तो अख्खा मेल जपानीत होता. बाईंना जपानीचं एक अक्षर येत नाही. त्यांना वाटलं कोणीतरी फसवायला बघतंय, मेल डिलीट केला. लिंक २४ तासांत बाद झाली. ग्राहकाकडून उत्तर नाही म्हणून बुधवारी यंत्रणेने तिकीट बंद केलं, आणि तसं कळवणारा मेलही जपानीतच गेला.

गुरुवारी बाई भडकल्या, ते साहजिकच. खरी माती मात्र त्यानंतर आम्ही खाल्ली. माझ्या सहकाऱ्याने मनापासून माफी मागितली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "आपल्या नावावरून आपण जपानी असाल असं आम्हाला वाटलं." त्यावर आलेलं उत्तर साधारण असं: "तानाका हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. पण ते माझ्या वडिलांचं असतं तरी मी कोण आहे हे तुम्ही का ठरवताय? मी तुम्हाला इंग्रजीत लिहिलं होतं."

दोन प्रश्न आहेत. बाईंना आता काय लिहायचं? आणि हे परत होऊ नये म्हणून नेमकं कुठे हात घालायचा?

खारुताई

अगं बाई! तिकीट बंद झाल्याचंही जपानीत? कहर आहे.

मला तर उपाय सोपा वाटतो. नावाकडे बघूच नका, ब्राउझरची भाषा बघा. प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला `Accept-Language` पाठवतो, त्यात माणसाने निवडलेली भाषा असते. विषय संपला.

मोडीलेखक

आमच्याकडेही नावांचा हा घोळ नेहमीचाच आहे. रोमन लिपीतलं नाव देवनागरीत आणताना यंत्र काहीही करतं. 'साठे'चं 'सथे' होतं, 'ठाणेदार'चं 'थानेदार'. यावर एकच उपाय, नाव देवनागरीत लिहायला फॉर्ममध्ये वेगळा रकाना द्या.

तिकीटवाली

@मोडीलेखक, ते दुखणं वेगळं हो. इथे नाव बरोबरच लिहिलं गेलं, भाषा चुकली.

@खारुताई, बाईंनी मेलने लिहिलं होतं. ब्राउझर मध्ये आलाच नाही.

जुना_खांब

आधी बाईंचं बघू. यंत्रणा दोन दिवस थांबली तरी चालेल.

आता जो मेल जाईल तो त्यांनी ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. "आपल्याला कुठली भाषा सोयीची आहे?" असं विचारत बसू नका. त्यांनी लिहून दाखवलं आहे, परत विचारलं तर त्यांचा मेल कोणी वाचलाच नाही असंच त्यांना वाटेल. भाषा विचारायची ती पहिला मेल दोन भाषांत मिसळलेला असेल किंवा त्यात नुसता स्क्रीनशॉट असेल तेव्हा.

दुसरं म्हणजे, त्या पहिल्या जपानी मेलात जे जे होतं ते सगळं नव्याने द्या. "आधीचा मेल बघा" किंवा "खाली भाषांतर जोडलं आहे" असलं काही नको. त्यात लिंक होती आणि ती मेली आहे, तर नवी लिंक द्या आणि तिची मुदत या मेलपासून मोजा. भाषा चुकली की ज्याला मुदत आहे ते सगळं वाया जातं, आणि माफीच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. तिकीट पुन्हा उघडा, आणि तेच तिकीट उघडा. नवं काढलंत तर बाईंना सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागेल आणि तुमच्या नोंदीत पहिलं तिकीट 'सुटलं' म्हणून राहील.

माफी एका वाक्यात. कारण सांगायचं तर यंत्रणेची चूक म्हणून सांगा. बाईंच्या नावाविषयी, मुळाविषयी अवाक्षर नको. तुमचा सहकारी खरं बोलला, पण तो त्या मेलात आमचा अंदाज किती रास्त होता हे पटवून देत होता. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच लागतो की तुमचं नाव बघून आम्ही असंच समजणार.

तिसरं काम बाईंना दिसणार नाही, पण ते आजच करा. त्यांच्या प्रोफाइलमध्ये भाषा 'जपानी' अशी नोंदली गेली असेल तर ती हाताने बदला. नाहीतर तुम्ही इंग्रजीत सुंदर माफी मागाल आणि रात्री बारा वाजता "आमची सेवा कशी वाटली?" हा मेल जपानीत जाईल.

तिकीटवाली

@जुना_खांब, तुमच्या तोंडात साखर पडो, पण कसल्या प्रसंगाला! आत्ता बघितलं, प्रोफाइलमध्ये खरंच `ja` होतं. आणि उद्या सकाळच्या यादीत सर्वेक्षणाचा मेल लागलेला होता. काढला.

कानडाऊ

माझी गोष्ट सांगतो. आडनाव कुलकर्णी. घरची भाषा कन्नड, मराठी इथे येऊन शिकलो आणि आता तुमच्यात मिसळलोय. पण सुरुवातीची कित्येक वर्षं कुठल्याही हेल्पलाइनवर आडनाव सांगितलं की समोरचा लगेच मराठीत सुरू व्हायचा. त्यात वाईट हेतू नसायचा, आपुलकीच असायची. मी मात्र "सॉरी, इंग्लिश प्लीज" म्हटलं की समोर एक क्षण शांतता. जणू कुलकर्णी असून मराठी येत नाही हा माझाच अपराध.

आडनावाला भाषा नसते हो. देशपांडे, जोशी, पाटील, सगळ्यांची तीच गत आहे. एकच आडनाव दोन-तीन भाषांत सुखाने नांदतं.

शेरेबहाद्दर

पण शंभरातले नव्वद कुलकर्णी मराठीच निघतील ना? दहा जणांसाठी नव्वदांची सोय का घालवायची?

जुना_खांब

@शेरेबहाद्दर, हिशेब तसा मांडायचा नसतो. ज्यांनी मराठीत लिहिलं त्यांना मराठीत उत्तर मिळणारच आहे, त्यासाठी नाव लागत नाही. नावाचा अंदाज फक्त तिथे काही बदल घडवतो, जिथे लिहिलेली भाषा एक आणि नाव दुसरंच सांगतं. आणि तिथे नावाचं ऐकलं तर माणसाचं स्वतःचं लिखाण धुडकावलं जातं. नव्वदांना नवीन काही मिळत नाही, दहांना फटका बसतो.

तिकीटवाली

मेल गेला. इंग्रजीत गेलाय, इथे मराठीत देते:

"नमस्कार नाओमी, आमच्या यंत्रणेने तुमचा इंग्रजी मेल येऊनही उत्तर चुकीच्या भाषेत पाठवलं आणि नंतर तिकीट बंद केलं. दोन्ही चुका आमच्या. माफ करा. पासवर्ड बदलण्याची नवी लिंक खाली आहे, ती आत्तापासून ७२ तास चालेल. तुमच्या खात्याची भाषा मी इंग्रजी केली आहे. बदलायची असल्यास सेटिंग्जमध्ये 'भाषा' इथे बदलता येईल. लिंक चालली नाही तर याच मेलला उत्तर द्या, ते थेट माझ्याकडे येईल."

२४ ऐवजी ७२ तास देण्यासाठी अॅडमिनच्या मागे लागावं लागलं. बाईंचं उत्तर आलं, एकच शब्द: "Worked." रागावल्या आहेत की नाहीत कळायला मार्ग नाही. पण काम झालं.

आता दुसरा प्रश्न. आमचा डेव्हलपर शपथेवर सांगतोय की नावावरून भाषा ठरवणारा कुठलाही नियम कोडमध्ये नाही. मग जपानी आली कुठून?

जुना_खांब

तो खोटं बोलत नसेल. नावावरून भाषा काढा असा नियम मुद्दाम कोणी लिहीत नाही. नाव मागच्या दाराने शिरतं. त्याला दोन गोष्टी विचारा. भाषा ओळखणाऱ्या फंक्शनला नेमका कुठला मजकूर दिला जातो, अक्षरशः जसाच्या तसा? आणि त्या तिकिटाच्या लॉगमध्ये ओळखीचं मूळ उत्तर काय आलं होतं? भाषेच्या रकान्यात साठवलेलं नको, ओळखणाऱ्याने जसं दिलं तसं.

तिकीटवाली

आणलं. बाईंचा पूर्ण मेल असा होता, विषयाची ओळ रिकामी:

```
Pls resend link

Naomi Tanaka
Naomi Tanaka Studio
```

कोडमधली ओळ ही:

```
lang = detect(subject + " " + body + " " + from_name).language.split("-")[0]
```

लॉगमध्ये मूळ उत्तर `ja-Latn` आहे आणि त्यापुढे `is_reliable: false`. ओळखायला सीएलडी३ वापरतात म्हणे.

अर्धा_कप

हाहा, एका ओळीत तीन अपघात. डेव्हलपर माणूस म्हणून मला आधी लाज वाटली, मग थोडा आनंदही झाला. असं काही मी लिहिलेलं नाही (बहुतेक).

शब्द मोजा. बाईंचे स्वतःचे शब्द तीन: Pls, resend, link. त्यातला Pls हा धड शब्दही नाही. आणि नाव? सहीत दोन शब्द, स्टुडिओच्या ओळीत दोन, वर `from_name` जोडलं त्यात आणखी दोन. सहा. म्हणजे यंत्राला जो मजकूर मिळाला त्यात माणसाच्या बोलण्याच्या दुप्पट त्याचं नाव होतं. यंत्राने ओळखलं ते नाव, मेलची भाषा त्याला दिसलीच नाही. वर 'नाओमी' इंग्रजीतही चालतं आणि जपानीतही, म्हणजे तेही मदतीला आलं नाही.

दुसरा अपघात `split("-")[0]`. सीएलडी३ जेव्हा `ja-Latn` म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ 'रोमन अक्षरांत लिहिलेली जपानी'. शेपूट कापली की उरतं `ja`, आणि टेम्पलेट निघतं अस्सल जपानी लिपीतलं. समजा बाईंना जपानी येत असतं आणि त्यांनी खरंच रोमनमध्ये जपानी लिहिलं असतं, तरी ती लिपी त्यांना वाचता येईलच असं नाही.

तिसरा सगळ्यात वाईट. `is_reliable: false` म्हणजे यंत्र स्वतःच सांगत होतं की माझ्यावर विसंबू नका. कोणी ऐकलं नाही.

खारुताई

मग ही ओळख-बिळख काढूनच टाका ना. फॉर्ममध्ये भाषेची निवड द्या.

जुना_खांब

निवड द्याच. माणसाने स्वतः निवडलेली भाषा सगळ्यात वरची, तिच्यापुढे कुठलाही अंदाज नको. पण मेलने येणाऱ्याला फॉर्म दिसत नाही, आणि निवड दिली तरी बरेच जण ती न बघता पुढे जातात. म्हणून खाली उतरण्याचा क्रम लागतोच. मी असा ठेवेन:

```
text = strip_signature_and_quotes(body)
r = detect(text)
if user.lang_source == "user":
    lang = user.lang
elif r and r.is_reliable:
    lang = r.language
else:
    lang = form_lang or "en"
```

`r.language` आहे तसं ठेवायचं, शेपूट कापायची नाही. `ja-Latn` साठी टेम्पलेट नसेल तर ते तिकीट माणसाकडे जाऊ द्या. `form_lang` म्हणजे ज्या पानावरून फॉर्म भरला त्या पानाची भाषा; मेलने आलेल्यांसाठी ती रिकामी असेल, तिथे तुमची मूळ भाषा वापरा. तीन शब्दांच्या मेलवर `is_reliable` बहुधा खोटंच येईल, आणि येऊ दे. तीन शब्दांवरून माणसालाही खात्री देता येत नाही. अशा वेळी इंग्रजीत उत्तर गेलं असतं तर बाईंचं काम पाच मिनिटांत झालं असतं.

सही काढणं हे मात्र दिसतं तितकं सोपं नाही. `-- ` अशी ओळ टाकून सही लिहिणारे थोडे. मी एक गावठी उपाय करतो: प्रोफाइलमधलं नाव मजकुरात जिथे जिथे सापडेल तिथून खोडायचं आणि उरलेलं ओळखायला द्यायचं. या प्रकरणात उरलं असतं "Pls resend link" आणि "Studio".

आता ब्राउझरच्या भाषेचं. @खारुताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. `Accept-Language` मध्ये समजा असं येतं: `en-US,en;q=0.9,mr;q=0.8`. यातला `q` पसंतीचं वजन सांगतो, लिहिला नसेल तर १ धरायचा. पण बहुतेकांनी ही यादी कधी उघडून बघितलेली नसते. ब्राउझर बसवताना जे आलं तेच राहिलेलं असतं. ती यंत्राची भाषा असते, माणसाची असेलच असं नाही. शिवाय मराठीत रोज लिहिणाऱ्या कितीतरी जणांचा ब्राउझर इंग्रजीत असतो, हे इथल्यांना काय सांगायचं. नावापेक्षा ती शंभरपट बरी, कारण निदान ती कोणाच्या मुळाविषयी काही गृहीत धरत नाही. पण समोर मजकूर असताना तिला विचारायची गरज नाही.

खारुताई

बरं बाबा, मान्य. "विषय संपला" मागे घेते.

शेरेबहाद्दर

मुळात नावावरून भाषा काढणं युरोपच्या जीडीपीआरखाली सरळ बेकायदेशीर आहे. वंशाची माहिती साठवायला बंदी आहे. कंपनीला हे सांगा, एका दिवसात सुधारतील.

कलमकसाई

@शेरेबहाद्दर, इतकं सरळ नाही. कलम ९ मध्ये वांशिक मूळ हा विशेष संरक्षणाचा प्रकार आहे, बरोबर. पण 'पसंतीची भाषा' त्या यादीत नाही. `ja` एवढं साठवलं म्हणजे वंश साठवला असं म्हणता येत नाही. आता, ते `ja` नावावरूनच काढलं असेल तर तो मुळाचाच आडून केलेला अंदाज आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. युरोपीय न्यायालयाने १ ऑगस्ट २०२२ च्या निकालात (सी-१८४/२०, विषय वेगळा होता) आडून उघड होणाऱ्या माहितीलाही कलम ९ लागू होतं असं म्हटलं आहे. तो धागा भाषेच्या रकान्यापर्यंत ताणता येईल का, यावर वकिलांत दोन मतं पडतील. मी पैज लावणार नाही.

जे निर्विवाद आहे ते कलम १६: आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क. तो कायदा लागू असेल तिथे बाईंनी "माझी भाषा चुकीची नोंदली आहे, बदला" म्हटल्यावर बदलणं ही मेहेरबानी राहत नाही. आणि बदलायची तर सगळीकडे. बिलिंगमध्ये वेगळी प्रत असते, मेल पाठवणाऱ्या सेवेकडे तिसरी.

तिकीटवाली

@कलमकसाई, तुम्ही म्हणाल्यावर बघितलं. बिलिंगमध्ये अजून `ja` होतं. 🙈 धन्यवाद.

निनावी_पाहुणा

आमच्याकडे टेम्पलेटं नाहीत. भाषेचं मॉडेल उत्तराचा मसुदा लिहितं, माणूस बघून पाठवतो. तिथे ओळखीची ओळच नाही, तरी हाच आजार झाला. मॉडेलला तिकिटाबरोबर ग्राहकाचं नाव, प्लॅन, खात्याची तारीख असं सगळं दिलं जायचं. मेल मोठा असला की मसुदा मेलच्याच भाषेत यायचा. मेल "still broken" एवढाच असला आणि वर `Customer: ...` पुढे एखादं ठसठशीत परभाषी नाव असलं, की मधूनच मसुदा त्या भाषेत यायचा. दर वेळी नाही, म्हणून पकडायला वेळ लागला. आणि बघून पाठवणारा माणूस? त्याला वाटायचं, मॉडेलने लिहिलंय म्हणजे ग्राहकाने आधी कधीतरी त्या भाषेत लिहिलं असेल.

शेवटी केलं ते असं. भाषा आधीच ठरवायची (जुना_खांब म्हणतात त्याच क्रमाने) आणि मॉडेलला स्पष्ट सांगायचं की या भाषेत लिही. नाव मॉडेलला द्यायचंच नाही. "नमस्कार अमुक" ही ओळ मसुदा तयार झाल्यावर कोड घालतो.

आणि चाचणी. एकच मेल घ्यायचा, त्यातलं फक्त नाव बदलत तीस वेळा पाठवायचा. नावं मुद्दाम वेगवेगळ्या भाषांच्या धाटणीची, त्यात दोन-चार दुहेरी: 'ली' इंग्रजीतही असतं, चिनीतही, 'आंद्रेया' इटालियनमध्ये पुरुष, जर्मनमध्ये बाई. तीसही उत्तरांची भाषा एकच आली पाहिजे. एकही वेगळी आली तर नाव कुठूनतरी गळतंय. मेल तीन शब्दांचाच घ्यायचा, मोठ्या मेलवर ही चाचणी नेहमी पास होते आणि फुकटचं समाधान देते.

अर्धा_कप

हे झकास आहे. उद्याच लावतो.

कानडाऊ

एक गोष्ट कोणी बोललं नाही. मला मराठीत उत्तर आलं की मी काय करायचो? मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर द्यायचो! भिडेखातर. समोरच्याने सुरुवात केलीच आहे, कशाला लाजवा. तुमच्या यंत्राने माझा तो दुसरा मेल वाचला तर ते म्हणेल, "बघा, मराठीच निघाला, आमचा अंदाज बरोबर."

जुना_खांब

@कानडाऊ, लाखातलं बोललात. हे मी आधीच लिहायला हवं होतं. चुकीच्या भाषेत गेलेलं उत्तर पुढचा पुरावा बिघडवतं. आपल्याकडे तर हे रोजचं आहे, समोरून हिंदी आली की मराठी माणूस मुकाट हिंदीवर जातो, आणि नोंदीत 'पसंती: हिंदी' अशी कायमची मोहोर बसते.

म्हणून पुरावा म्हणून धरायचा तो ग्राहकाचा पहिला मेल, आपलं काहीही जाण्याआधीचा. त्यानंतरच्या मेलांची भाषा ही आपल्याला दिलेलं उत्तर असू शकते. आणि म्हणूनच `lang_source` हा रकाना हवा: भाषा माणसाने निवडली की यंत्राने ओळखली. नुसतं `mr` किंवा `hi` साठवलं की सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही की ते आलं कुठून.

मोडीलेखक

आता मला प्रश्न कळला. 🙂 मग हे सांगा, "mala otp yet nahiye" असं रोमनमध्ये लिहिणाऱ्याचं काय? आमचे निम्मे लोक असंच लिहितात.

अर्धा_कप

सीएलडी३ च्या यादीत रोमन लिपीतली हिंदी आहे, `hi-Latn`. रोमन मराठी नाही. त्यामुळे तुमचं वाक्य बरोबर ओळखलं जाण्याची सोयच नाही. हिंदी म्हणेल किंवा भलतंच काही म्हणेल.

शेरेबहाद्दर

बघा! इथे नाव कामाला येईल. रोमन मजकूर हिंदी की मराठी कळेना, आणि आडनाव 'गायतोंडे' असेल, तर मराठी धरा की.

कानडाऊ

आणि आडनाव 'कुलकर्णी' असेल तर? 😀

जुना_खांब

@शेरेबहाद्दर, मोह समजतो, पण तिथेही नको. "yet nahiye" मध्येच मराठी आहे. 'मला', 'नाहीये', 'आहे', 'पाहिजे' असे शे-दोनशे शब्द रोमनमध्ये जसे लिहिले जातात तसे यादीत ठेवा, तेवढ्याने बरंच काम होतं. मजकुरात काहीच धागा नसेल तर ते तिकीट माणसाकडे जाऊ द्या.

मोडीलेखक

आणि ओळखल्यावर उत्तर कुठल्या लिपीत? देवनागरीत ना?

निनावी_पाहुणा

आम्ही रोमनला रोमन देतो. ज्याने जसं लिहिलं तसं.

मोडीलेखक

छे! लोक रोमनमध्ये लिहितात ते कीबोर्डच्या कंटाळ्याने. वाचायला देवनागरीच हवी असते. मला कोणी "tumchi link khali dili aahe" असं पाठवलं तर मला तो मेल बनावट वाटेल.

निनावी_पाहुणा

आणि आमच्याकडे देवनागरीत उत्तर दिल्यावर एकाने लिहिलं होतं, "bhau, itka formal ka?" काय करणार.

तिकीटवाली

लिपीचं भांडण तुम्ही चालू ठेवा, मी माझा हिशेब देते.

डेव्हलपरने ती ओळ बदलली. नावबदलाची चाचणी जुन्या कोडवर आधी चालवली: "Pls resend link", तीस नावं. सात नावांवर भाषा बदलली. नव्या कोडवर एकाही नावावर बदलली नाही. 'पास' म्हणून त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, शपथेचा विषय मी काढला नाही.

मग मागच्या तीन महिन्यांतली तिकिटं काढली, ज्यांत `is_reliable` खोटं होतं आणि तरी उत्तर गेलं होतं. २१२ निघाली. दोन दिवस बसून पहिला मेल आणि आपलं उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचलं. १९ ठिकाणी भाषा चुकलेली. त्यातल्या ११ जणांनी पुन्हा काही लिहिलंच नाही आणि ती सगळी तिकिटं 'ग्राहकाकडून उत्तर नाही' म्हणून बंद. तक्रार एकट्या नाओमीबाईंची. ५ जणांनी, @कानडाऊ, आपण ज्या भाषेत लिहिलं त्याच भाषेत उत्तर दिलंय. त्यातल्या एकाच्या मेलात वाक्यावाक्याला चुका आहेत आणि शेवटी लिहिलंय, भाषांतराचं साधन वापरून लिहितोय, समजून घ्या.

त्या अकरा जणांना मेल पाठवले, त्यांच्या पहिल्या मेलच्या भाषेत, तिकीट उघडून. चार उत्तरं आली. बाकीचे गेले बहुधा.

पाच जणांचं मात्र ठरत नाहीये. त्यांचा संवाद चुकीच्या भाषेत का होईना, चालू आहे, काम होतंय. मध्येच भाषा बदलली तर "तुमची ही भाषा कच्ची आहे" असं सांगितल्यासारखं होईल. न बदलावी तर ते बिचारे भाषांतराचं साधन घेऊन बसणार. कोणी केलंय का असं?

कानडाऊ

माझ्याशी एकीने केलं होतं. पुढचं उत्तर मराठीतच दिलं, आणि शेवटी एक ओळ कन्नडमध्ये: "यापुढे कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल." का, कशाला, काही नाही. मी त्याच रात्री कन्नडमध्ये लिहिलं.

तिकीटवाली

हे करते. पाचही ओळी त्या त्या भाषेच्या माणसांकडून लिहून घेते.